तीन आठवडे जिम सुटली: ताकद किती जाते आणि ती परत कशी आणायची

बावीस दिवसांच्या खंडानंतर मी पुन्हा स्क्वॉटच्या स्टँडसमोर उभा राहिलो. वहीतली शेवटची नोंद होती: १०० किलो, ३ सेट, ५ रेप. बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं, ‘अजून दोन निघाले असते.’ तीन आठवडे काहीच केलं नव्हतं, त्यामुळे बरीचशी ताकद गेली असणार असं मनाने धरूनच टाकलं होतं. रिकामा बार, मग ४०, मग ६० किलो. साठचा बार खांद्यावर टेकला आणि वाटलं, हे इतकं जड कधीपासून झालं? पण खाली बसून उठलो तर बार कुठेही न अडखळता वर आला.

म्हणजे वजन जड लागत होतं, तरी ते उचलायची ताकद शाबूत होती. खंडानंतर बहुतेकांची फसगत होते ती इथेच, आणि दोन्ही बाजूंनी होते. काहीजण घाबरून पार सुरुवातीच्या वजनावर जातात आणि फुकट महिना घालवतात. काहीजणांना दोन सेटनंतर कळतं की ताकद आहे, मग ते थेट जुन्या आकड्यावर उडी मारतात. त्याआधीच्या एका खंडानंतर मी दुसरी चूक केली होती. पहिल्याच दिवशी १०० किलोचे तीनही सेट पूर्ण केले आणि खुशीत घरी आलो. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागत होता, आणि पुढचा स्क्वॉट आठ दिवसांनी झाला.

हा लेख तीन आठवड्यांच्या खंडाबद्दल आहे. प्रवास, परीक्षा, कामाचा रेटा, साधा कंटाळा, कारण काहीही असो; माणूस चालता-फिरता होता, जेवत होता, फक्त वजनं उचलत नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल पुढे.

नेमकं काय जातं

सगळ्यात आधी जातं ते फुगीरपण. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, चांगला साठा असतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. व्यायाम थांबला की हा साठा काही दिवसांतच कमी होऊ लागतो. आठवड्याभरात बाह्या सैल वाटतात, आरशात दंड बारीक दिसतात, काट्यावर एखादा किलो कमी भरतो. लोक याला ‘मसल गेले’ म्हणतात. त्यातला बराच भाग निव्वळ पाणी आणि साखर असते. जिम सुरू करून नीट जेवायला लागलं की थोड्या दिवसांत ती भरून येते.

ताकदीचं काय? १९९३ साली होर्टोबाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनांवर तयार झालेल्या बारा खेळाडूंना चौदा दिवस व्यायाम बंद करायला लावला. दोन आठवड्यांनी बेंच प्रेसचा कमाल आकडा १.७ टक्के उतरला होता आणि स्क्वॉटचा ०.९ टक्के. म्हणजे शंभर किलो उचलणाऱ्याचा एक-दोन किलोंचा फरक. एवढा फरक तर एक रात्र झोप नीट झाली नाही तरी पडतो.

पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, आणि तो जास्त कामाचा आहे. वजन सावकाश खाली सोडताना स्नायू जो जोर लावतो, तो मांडीच्या पुढच्या स्नायूंत १२ टक्क्यांनी कमी झाला होता. उचलायची ताकद जवळजवळ तशीच राहिली, आवरून खाली आणायची ताकद मात्र ढासळली. स्क्वॉटमध्ये खाली बसताना, बेंचवर बार छातीकडे आणताना, डेडलिफ्ट जमिनीवर ठेवताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. व्यायामानंतरचं दुखणंही मुख्यतः याच टप्प्यातून येतं.

दुखण्याची गोष्ट इथे थोडी खोलात घ्यावी लागते, कारण पुढची सगळी योजना तिच्यावर उभी आहे. स्नायूला एखाद्या हालचालीचा मार एकदा बसला की तो पुढच्या वेळी त्याच माराला बराच कमी बधतो. पहिल्यांदा स्क्वॉट करणाऱ्याची मांडी चार दिवस दुखते. दोन आठवड्यांनी तेच वजन, तेच सेट केले तर जेमतेम जाणवतात. हे संरक्षण नेहमीच्या सरावाने टिकून राहतं आणि सराव थांबला की हळूहळू विरतं. तीन आठवड्यांत ते पूर्ण जात नाही, पण पातळ नक्की होतं. म्हणजे खंडानंतर तुमच्याकडे जवळपास जुन्या ताकदीचं इंजिन असतं आणि ते ज्या चौकटीवर बसवलंय ती मात्र सैल झालेली असते. नवख्या माणसाला ही अडचण नसते. त्याची ताकदच इतकी कमी असते की स्वतःला फार इजा करण्याइतकं वजन तो उचलूच शकत नाही. तुम्ही उचलू शकता.

तिसरी गोष्ट जाते ती बसलेली हालचाल. बार खांद्यावर नेमका कुठे टेकतो, श्वास कधी भरायचा, गुडघे कधी बाहेर ढकलायचे, हे सगळं हातापायांना आपोआप येत होतं ते आता आठवून करावं लागतं. साठ किलो जड लागले त्यात याचा वाटा मोठा होता. ही गोष्ट फार लवकर परत येते, बहुतेकदा दोन-तीन दिवसांच्या सरावात.

आणि चौथी, दम. ताकदीच्या मानाने ही लवकर उतरते. तीन आठवड्यांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण कमी होतं, हृदय प्रत्येक ठोक्याला थोडं कमी रक्त पुढे ढकलतं, आणि दोन सेटच्या मधली विश्रांती पुरेनाशी होते. एकच रेप काढायचा असेल तर तुम्ही जवळजवळ पूर्वीचेच असता. दहा रेपचा सेट लावला की आठव्यालाच तोंड उघडतं.

परत येणं इतकं सोपं का असतं

‘मसल मेमरी’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यामुळे घोळ होतो. एक मेंदूची आठवण: सायकल चालवणं विसरत नाही, तशी स्क्वॉटची हालचाल विसरत नाही. किती स्नायुतंतू एकदम कामाला लावायचे, कोणते स्नायू त्या वेळी सैल सोडायचे, हे मज्जासंस्था शिकलेली असते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत वाढलेल्या ताकदीचा मोठा हिस्सा हाच असतो. तीन आठवड्यांच्या खंडात ही आठवण फारशी पुसत नाही, म्हणूनच ताकदीचा आकडा तग धरतो.

दुसरी आठवण खुद्द स्नायूत असते. स्नायूची पेशी लांबलचक असते आणि तिच्यात एक नाही, शेकडो केंद्रकं असतात. स्नायू वाढतो तेव्हा शेजारच्या राखीव पेशी त्यात मिसळून नवी केंद्रकं देतात. ऑस्लो विद्यापीठात क्रिस्टियान गुंडर्सन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांच्या बाबतीत दाखवलं की वाढलेला स्नायू पुढे बारीक झाला तरी मिळालेली केंद्रकं तीन महिन्यांनंतरही तिथेच होती. उंदराच्या आयुष्याच्या मानाने तीन महिने म्हणजे बराच मोठा काळ. कारखान्याचा माल कमी झाला, पण यंत्रं विकलेली नाहीत, असं काहीसं. माणसांवरचे निकाल मात्र एका बाजूचे नाहीत. काहींत केंद्रकं टिकलेली दिसली, काहींत कमी झाली. २०१८ मध्ये आणखी एक धागा सापडला. सात आठवडे व्यायाम, सात आठवडे बंद, पुन्हा सात आठवडे व्यायाम अशा क्रमात माणसांच्या स्नायूंतल्या डीएनएवर पहिल्या व्यायामाच्या रासायनिक खुणा बंद काळातही शिल्लक होत्या, आणि दुसऱ्या वेळी त्या जनुकांनी जास्त जोमाने प्रतिसाद दिला.

यंत्रणा कोणतीही असो, जिममध्ये दिसणारा परिणाम स्पष्ट आहे. जपानमध्ये ओगासावारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने चोवीस आठवडे सलग बेंच प्रेस केला. दुसऱ्याने सहा आठवडे व्यायाम, तीन आठवडे सुट्टी, पुन्हा सहा, पुन्हा तीन, शेवटी सहा असं केलं. शेवटी छातीचा-दंडाचा आकार आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच निघाली, दुसऱ्याने पाऊण भागच दिवस व्यायाम करूनही. दर खंडानंतर त्यांची प्रगती इतक्या वेगाने होत होती की मागे पडलेलं अंतर भरून निघत होतं. एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी: ही मंडळी नवखी होती. दहा वर्षं घासून काढलेल्या लिफ्टरने यावरून दर सहा आठवड्यांनी सुट्टी घ्यायला लागू नये.

फिनलंडमध्ये २०२४ मध्ये याहून लांब खंड तपासला गेला, दहा आठवड्यांचा. त्यातही एका वेळची कमाल ताकद स्नायूच्या आकारापेक्षा जास्त टिकली, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या पाच आठवड्यांत दोन्ही जुन्या पातळीला आली. दहा आठवड्यांचं नुकसान पाच आठवड्यांत भरून निघालं. तीन आठवड्यांच्या खंडाला एक ते दोन आठवडे, असा अंदाज मी त्यामुळे बेधडक देतो.

पायरी १: आपला खंड कोणत्या जातीचा ते ठरवा

वहीत शेवटच्या व्यायामाची तारीख बघा आणि दिवस मोजा. आठवणीवर जाऊ नका, ‘दोनेक आठवडे’ म्हणता म्हणता ते सव्वीस दिवस निघतात. दहा दिवसांपर्यंतचा खंड असेल तर योजनेची गरजच नाही. पहिल्या दिवशी एक सेट कमी करा आणि चालू पडा. दोन ते चार आठवडे असेल तर खालच्या पायऱ्या जशाच्या तशा लागू होतात.

मग स्वतःला दोन प्रश्न विचारा. या काळात ताप किंवा आजारपण होतं का? आणि हात-पाय प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात अडकलेला होता का? एकालाही ‘हो’ उत्तर असेल तर तीन आठवड्यांचे आकडे विसरा. मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवून मोजलं होतं: पाच दिवसांत मांडीची ताकद ९ टक्के गेली आणि चौदा दिवसांत २३ टक्के. नुसती जिम बंद असते तेव्हा पाय रोज तुमचं वजन वाहतच असतो, जिने चढतो, खुर्चीतून उठवतो. तेवढाही भार गेला की घसरण एकदम उताराला लागते. अशा वेळी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने हिरवा कंदील दिल्यावर निम्म्या वजनापासून सुरुवात करावी, आणि दोन्ही पाय वेगवेगळे तपासावेत.

पायरी २: पहिला दिवस

पहिल्या दिवशी वजन थोडं उतरवायचं आणि सेट बरेच उतरवायचे. बहुतेक सल्ले वजनाबद्दल बोलतात. माझ्या मते सेट जास्त महत्त्वाचे आहेत, कारण दुखणं एकंदर किती वेळा वजन खाली आणलं यावर खूप अवलंबून असतं. ८० किलोचे पाच सेट हे ९० किलोच्या एका सेटपेक्षा तुम्हाला जास्त लंगडे करतील.

हिशेब असा: शेवटच्या नोंदीतल्या वजनाचे ८० टक्के घ्या, तेवढेच रेप ठेवा, आणि जिथे तीन सेट करत होता तिथे दोनच करा. माझे १०० किलो होते, म्हणून ८० किलो, ५ रेप, २ सेट. तिथपर्यंत पोहोचायला रिकाम्या बारचे दहा, ४० चे पाच, ६० चे पाच, ७० चे तीन. नेहमीपेक्षा एक पायरी जास्तच, कारण हालचाल आठवायला हे हलके सेट लागतात. साठवर मी मुद्दाम थांबलो, बार परत ठेवला, पावलं दोन बोटं रुंद केली आणि पुन्हा उचलला. नेहमीची जागा तीच होती, आधी चुकून अरुंद उभा राहिलो होतो. जड लागण्याचं अर्धं कारण तिथेच निघालं.

त्या दिवशी आणखी तीन गोष्टी टाळा. एकेक रेपचा कमाल आकडा तपासणं. रेप निघेनासे होईपर्यंत ओढत नेणारे सेट. आणि वजन मुद्दाम फार सावकाश खाली सोडण्याचे प्रकार, किंवा लंजेस, रोमानियन डेडलिफ्टसारखे स्नायूला ताणलेल्या स्थितीत भार देणारे व्यायाम. हे तिन्ही आठवड्याभराने आले तरी चालतात.

८० चा सेट चालू असताना फोनवर बाजूने व्हिडिओ काढा. तुम्हाला जे जाणवतं त्यावर या दिवशी भरवसा ठेवू नका, डोळ्यांनी बघा. पाचवा रेप पहिल्याच्याच वेगाने वर येत असेल तर ताकद जागेवर आहे, फक्त सवय मोडली आहे. चौथ्या-पाचव्या रेपला बार मध्यावर रेंगाळत असेल तर खरोखर काही गेलंय, किंवा झोप-जेवण बिघडलंय. तसं असेल तर दुसरा सेट ७० वर करा आणि आवरा.

जिममधून निघताना ‘हे काय, काहीच केलं नाही’ असं वाटेल. तसंच वाटायला हवं.

पायरी ३: तिसऱ्या दिवशी पायांना विचारा

दुखणं साधारण चोवीस तासांनी जाणवू लागतं आणि एक ते तीन दिवसांत टोकाला जातं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटलं म्हणून संध्याकाळी भर घालू नका. ४८ तासांनी खुर्चीवर हात न टेकता बसा आणि उठा. मांड्या थोड्या आंबलेल्या वाटल्या, पण चालणं-बसणं नेहमीसारखं असेल, तर ठरलेली वाढ करा. बसताना चेहरा वाकडा होत असेल तर त्याच वजनाचा एकच सेट करा. हात लावला तरी दुखत असेल, सूज असेल, तर त्या स्नायूला आणखी दोन दिवस द्या, तोवर चालणं पुरे.

एक खूण मात्र थांबून डॉक्टरांकडे जाण्याची आहे. दुखणं असह्य, स्नायू फुगलेला आणि लघवी गडद तपकिरी, काळ्या चहासारखी. स्नायूच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, त्याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. ही दुर्मिळ गोष्ट आहे, पण ज्यांना होते त्यांच्यात ‘बऱ्याच दिवसांनी आलो आणि जोशात शंभर बैठका मारल्या’ असे लोक हमखास सापडतात. तशी लघवी दिसली तर उद्याची वाट बघू नये, त्याच दिवशी दाखवावं.

पायरी ४: दोन आठवड्यांची चढण

माझी वही पुढे अशी गेली. आठवड्याला तीन दिवस स्क्वॉट, सगळीकडे पाच रेप. पहिल्या आठवड्यात दोनच सेट: ८०, मग ८५, मग ९०. दुसऱ्या आठवड्यात तिसरा सेट परत आला, म्हणून वजनाची उडी लहान केली: ९२.५, मग ९५, मग ९७.५. तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी १०० किलो, ३ सेट, ५ रेप. सातव्या व्यायामाला जुन्या जागी. याच वहीत मागे जाऊन बघितलं तर पहिल्यांदा ८० वरून १०० वर जायला मला पाच महिने लागले होते.

एकाच आठवड्यात वजन आणि सेट दोन्ही मोठ्या उडीने वाढवू नका, एवढं एक पथ्य पाळलं तर बाकी आकडे थोडे इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही. मी सेट वाढवले त्या आठवड्यात वजनाची पायरी पाच किलोंवरून अडीचवर आणली, ती याच कारणासाठी.

बेंच प्रेस यापेक्षा सोपा गेला. ७० किलोंवर होतो, ५७.५ ने सुरुवात केली आणि पाचव्या दिवशी परत ७० वर. डेडलिफ्टला मात्र मी उलट जपून गेलो. १३० चा एकच सेट करायचो, तर १०० ने सुरुवात करून आठवड्याला दोनदाच केला आणि बार खाली सोडताना ताबा ठेवला, पण मुद्दाम रेंगाळलो नाही. पाठीचा खालचा भाग आंबला की स्क्वॉटही बिघडतो, म्हणून एवढी कंजुषी.

किती गेलं होतं ते मोजायचंच असेल तर

पहिल्या आठवड्याच्या शेवटी, हालचाल बसल्यावर, एक ढोबळ हिशेब करता येतो. सूत्र असं: अंदाजे कमाल = वजन × (१ + रेप ÷ ३०). इथे रेप म्हणजे थांबेपर्यंत निघाले असते तेवढे सगळे.

खंडाच्या आधी: १०० किलो, केलेले ५ आणि शिल्लक २, म्हणजे ७. १०० × (१ + ७ ÷ ३०) = सुमारे १२३ किलो. तिसऱ्या व्यायामाला: ९० किलो, केलेले ५, आणि व्हिडिओ बघून शिल्लक ४ धरले, म्हणजे ९. ९० × (१ + ९ ÷ ३०) = ११७ किलो. फरक ६ किलो, साधारण ५ टक्के.

हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच नुकसान दाखवतो. कारण वर लिहिलंच आहे: खंडानंतर दम आणि रेप टिकवण्याची क्षमता एका रेपच्या ताकदीपेक्षा जास्त उतरलेली असते. त्यामुळे ‘निघाले असते’ ते रेप कमी दिसतात आणि सूत्र ते ताकदीच्या खात्यात टाकतं. शिवाय शिल्लक रेपचा अंदाज कुणाचाच अचूक नसतो. म्हणून पाच टक्के आला तर चार किंवा तीन समजा. पंधरा-वीस टक्के आला तर मात्र दुसरीकडे बघा: वजन घटलंय का, आजार लपलाय का, की खंडाच्या आधीची नोंदच एखाद्या चढलेल्या दिवसाची होती.

जिथे गाडी अडते

सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा दुसऱ्या आठवड्यात होतो. पहिला आठवडा शहाण्यासारखा जातो, दुखत काही नाही, मग नवव्या-दहाव्या दिवशी माणूस थेट जुन्या वजनावर जाऊन वर एक सेट जास्त मारतो, बुडलेले दिवस भरून काढायला. स्नायू ते सहन करतो. गुडघ्याखालचा, कोपराचा किंवा खांद्याचा टेंडन कुरकुरतो. टेंडनमध्ये रक्तपुरवठा कमी, त्याची डागडुजी स्नायूपेक्षा सावकाश चालते. ओळखायचं असं: स्नायूचं दुखणं मधल्या मांसल भागात पसरलेलं असतं आणि दोन-चार दिवसांत ओसरतं. टेंडनचं दुखणं सांध्याजवळ एका बोटाने दाखवता येतं, वॉर्म-अपमध्ये कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणवतं. असं असेल तर वजन दहा टक्के उतरवून तिथेच आठवडाभर राहा. पूर्ण बंद करू नका, बंद केलं तर पुन्हा खंडच पडतो.

दुसरी अडचण जेवणाची. खंडाच्या काळात भूक कमी झालेली असते आणि ‘व्यायाम नाही तर चरबी नको’ म्हणून काहीजण ताटही अर्धं करतात. रिकाम्या ग्लायकोजेनवर परत आलात तर सेट अर्ध्यात मान टाकतात आणि तुम्हाला वाटतं ताकद गेली. सुरू करण्याच्या दोन दिवस आधीपासून पोटभर, नेहमीसारखं जेवा.

साठीच्या आसपास असाल तर चढण दोनऐवजी तीन-चार आठवड्यांची ठेवा. पुढचा खंड माहीत असेल तर तो कोरडा जाऊ देऊ नका. बिकेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाहिलं की विशी-तिशीतल्या लोकांना सोळा आठवड्यांच्या मेहनतीने कमावलेलं राखायला त्या मेहनतीचा नववा हिस्सा पुरला, बत्तीस आठवडे. साठी-सत्तरीतल्यांची ताकद त्यावर टिकली, पण स्नायूचा आकार टिकायला तिसरा हिस्साही पुरा पडला नाही. तरुणाच्या भाषेत नववा हिस्सा म्हणजे आठवड्यातून तीन दिवस तीन सेट करणाऱ्याने आठवड्यातून एकदा एक सेट. अट एवढीच की तो सेट नेहमीच्या वजनाचा हवा.

पुढच्या वेळी मला अठरा दिवस बाहेर राहायचं होतं. मध्ये एकदा एका हॉटेलच्या जिममध्ये बार मिळाला, तिथे ९५ किलोचा पाच रेपचा एक सेट केला. परत आल्यावर पहिल्या दिवशी ९० चे दोन सेट, आणि चौथ्या व्यायामाला १०० किलो, ३ सेट, ५ रेप. त्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘मांड्या ठीक. जिना सरळ उतरलो.’